गुरम्मावहिनींचा तीन ते चारचा तास

आमच्या गल्लीत गुरम्मावहिनींचा आवाज ओळखायला त्या दिसाव्या लागत नाहीत. टँकरवाल्याने पाईप आधी पलीकडच्या हौदात सोडला की तो आवाज ऐकू येतो, भाजीवाल्याने किडकी वांगी वर चढवली की ऐकू येतो, आणि अलीकडे तो रोज दुपारी तीनच्या सुमारास ऐकू येऊ लागला होता. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यातले बरेचसे मी भिंतीअलीकडून ऐकले, आणि उरलेले डोळ्यांनी पाहिले.

वहिनींचे यजमान वीरण्णा यांची उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत आहे. मुलगा मलप्पा हिमायतनगरला, त्या तालुक्याच्या गावी, बँकेत. शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. सून नीलम्मा हैदराबादच्या एका विमा कंपनीचे काम घरी बसून करते. लोकांनी दवाखान्याची बिले पाठवली की ती तपासायची, काय मंजूर आणि काय नामंजूर ते लिहायचे. दिवसभराचे काम ती पोराला सांभाळत, मागेपुढे करत उरकते. पण तीन ते चार या वेळात सगळ्यांची मिटिंग असते. तेव्हा लॅपटॉपसमोर तोंड दाखवून बसावे लागते, विचारले की बोलावे लागते. आणि नेमक्या त्याच वेळी दोन वर्षांचा अप्पू झोपेतून किरकिरत उठतो.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. नळाला पाणी कधी यायचे याचा नेम नव्हता, आणि आमच्या गल्लीत टँकर यायचा तोही दुपारीच. टँकर आला की वहिनींना घागरी घेऊन पळावे लागे. म्हणजे सासू पाण्याला, सून मिटिंगला, आणि पोरगे मधल्या दाराला डोके आपटत.

मिटिंगमध्ये दोनदा अप्पूचे रडणे ऐकू गेले. तिसऱ्यांदा जे झाले ते रडण्यावर थांबले नाही.

त्या दिवशी वीरण्णा जेवायला घरी आले होते. टँकरचा हॉर्न वाजला तशा वहिनी म्हणाल्या, "मी येईपर्यंत पोराकडं बघा."

"बघतो की. जा तू."

आडतीवाल्याच्या घरात धान्याचे नमुने पडलेलेच असतात. वीरण्णांनी अप्पूपुढे एक ताटली ठेवली, त्यात मूठभर हरभरा ओतला आणि मोबाईल कानाला लावला. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून कृती समिती निघाली होती आणि हे तिचे उपाध्यक्ष होते. हरभऱ्याने पोरगे गप्प बसले. फार गप्प बसले. वीरण्णांचे लक्ष गेले तेव्हा अप्पू नाकाला हात लावून शिंकत होता. त्यांनी करंगळी घालून दाणा काढायला पाहिले, तो आणखी आत गेला. मग पोरगे असे किंचाळले की मीसुद्धा धावत गेलो.

नीलम्मा मिटिंग तशीच टाकून उठली. नाकात आणखी काही घालू नका एवढे तिने सासऱ्यांना सांगितले, आणि रिक्षाने लेकराला डॉक्टरांकडे नेले. वहिनी भरलेली घागर रस्त्यात ठेवून मागोमाग. डॉक्टरांनी बारीक आकड्याने दाणा बाहेर काढला. तो ओला होऊन फुगायला लागला होता. "श्वासनळीत गेला असता म्हणजे?" ते म्हणाले, आणि या वयात लेकराला काय काय होऊ शकते ते सगळे ऐकवले.

संध्याकाळी नीलम्माला तिच्या साहेबांचा फोन आला. पुन्हा असे झाले तर एक तारखेपासून हैदराबादच्या ऑफिसात येऊन बसा, नाहीतर राजीनामा द्या. दोन वर्षांचे पोर घेऊन ती हैदराबादला कुठे जाणार?

वीरण्णा झोपाळ्यावर बसून शांतपणे म्हणाले, "सोडून दे की नोकरी. आपल्याला काय कमी आहे?"

भिंतीपलीकडे काही आपटले. पितळी असावे.

"काय म्हणालात?"

"अगं, पोरासाठी म्हणून राहिलो."

"हेच म्हणाला होतात. हेच! मलप्पा दोन वर्षांचा होता तेव्हा, ह्याच झोपाळ्यावर बसून!"

हे मला ठाऊक होते. लातूर जिल्हा होऊन काही वर्षे झाली होती तेव्हा वहिनींनी पोस्टाच्या अल्पबचतीची एजन्सी घेतली होती. घरोघरी जाऊन बायकांची खाती उघडायच्या, दर महिन्याला पैसे जमवून पोस्टात भरायच्या. बायकांचा विश्वास बसला होता. दुपारी एक तास मलप्पाला कुणी धरले असते तर ते काम आजवर चालले असते. कुणी धरले नाही. सासूबाईंचे गुडघे, नणंदेची परीक्षा, आणि वीरण्णांना दुकान. एजन्सी शेजारच्या गंगम्माकडे गेली. गंगम्माने त्यावर दोन खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसतात.

"तुम्हाला दुकान सुटत नाही," वहिनी म्हणत होत्या, "आणि दुकानात हाय काय औंदा? मोंढ्यात कुत्रं झोपलंय! आवक न्हाई, सौदा न्हाई, मापाडी पत्ते खेळून राहिलेत. तीन ते चार तुम्ही चहा पिता आणि जिल्हा करता!"

"समाजाचं काम आहे ते."

"आणि हे लेकरू कुणाचं आहे? समाजाचंच ना?"

रात्री जेवण नीलम्मानेच वाढले असावे, कारण वहिनींचा आवाज बंद होता. त्यांचा आवाज बंद असणे आम्हाला जास्त जड जाते.

दुसऱ्या दिवशी अडीचला मी मोंढ्यात होतो. बाजार समितीच्या कचेरीत माझी नोकरी; त्या वर्षी आवक नसल्याने एरवी दुपारी मी घरीच असे, पण पावत्यांच्या कामाने अधूनमधून वीरण्णांच्या दुकानी जाणे होई. गादीवर कृती समितीचे चौघे बसले होते. त्यांतले शेषेराव देशमुख जिल्ह्याच्या मागणीचे निवेदन वाचून दाखवत होते. एवढ्यात वहिनी आल्या. काखेत अप्पू, डोक्यावरचा पदर कंबरेला खोचलेला. चप्पल न काढता त्या पायरी चढल्या आणि त्यांनी पोराला नवऱ्याच्या मांडीवर बसवले.

"जिल्हा नंतर करा. आधी हे धरा."

"अगं, इथं? लोक आहेत."

"लोकांना पण पोरं हायेत."

शेषेराव हसत म्हणाले, "वहिनी, एक तासाची तर बैठक आहे हो."

"माझ्या सुनेची पण एक तासाचीच हाय, भाऊजी. तिच्या बैठकीला पगार मिळतो. तुमच्याला मिळतो का?"

अप्पूने तेवढ्यात निवेदनाचा कोपरा तोंडात घातला.

"आणि इथं नका बसू त्याला घेऊन," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "जिथं बघावं तिथं दाणा हाय. घरी चला. मी टँकर बघते, तुम्ही पोरगं बघा. उठा."

वीरण्णा उठले. तोंड लाल झाले होते. शटर ओढताना त्यांनी ते इतक्या जोरात ओढले की पलीकडचा मापाडी जागा झाला.

पण राग आला म्हणून पोरगे सांभाळता येते असे नाही. पहिले दोन दिवस अप्पूने आजोबांना घामाघूम केले. नीलम्मा लपून आत सरकायची, हे सगळ्यात वाईट. आई गेल्याचे कळले की तो दारच फोडायचा. वहिनीच संतापून म्हणाल्या, "चोरासारखं जाऊ नको गं. त्याला सांगून जा." मग नीलम्माने पावणेतीनला लॅपटॉप मिटून त्याच्यापाशी बसायला सुरुवात केली. त्याला भाकरी-दूध भरवायचे, मोबाईल दूर ठेवून फक्त त्याच्याशी खेळायचे, आणि तो आईला अव्वा म्हणतो म्हणून जाताना म्हणायचे, "अव्वा कामाला चालली. चहाला येणार." पहिल्या दिवशी तो तरीही रडला, पण थोडाच. चहाला ती खरेच आली. पुढच्या दिवशी त्याहून कमी. मग नुसते ओठ काढले.

उरलेल्या वेळाचे काय? वीरण्णांना वाटले होते, एक खेळणे दिले की तास निघेल. पाच-सात मिनिटांत ते खेळणे अंगणात भिरकावले जाई. मग वहिनींनी ओरडून ओरडून त्यांना शिकवले, आणि ओरडताना स्वतःही शिकल्या. सगळे एकदम काढायचे नाही. एकाला कंटाळला की दुसरे. आधी अंगातली रग जिरवायची: पाण्याचा रिकामा जार अंगणभर ढकलत न्यायचा, आजोबांनी पलीकडून परत ढकलायचा. मग डबे आणि त्यांची झाकणे. कुठले कशाला बसते ते त्यालाच शोधू द्यायचे, आपण बसवून द्यायचे नाही. मग टोपलीत रुमाल भरणे, ती उलटी करणे, पुन्हा भरणे. आणि शेवटी, तो चिडायला लागला की, पाणी.

पाण्यावरून भांडण झाले. "टँकरचं पाणी खेळायला?" वीरण्णा म्हणाले. गंगम्मानेही पलीकडच्या भिंतीवरून ऐकवले, "लोकांना प्यायला न्हाई अन् इथं पोराच्या खेळाला!"

"तांदळाचं धुवण हाय ते!" वहिनी ओरडल्या. "संडासातच ओतणार होते. आता त्याचं खेळून झाल्यावर ओतते, तुमच्या हौदातलं घेतलं का?"

परातीत बोटभर धुवण, एक वाटी, एक गाळणी, एक फडके. अप्पू वाटीने ओतायचा, गाळणीतून गळताना बघायचा, फडके पिळायचा, पुन्हा ओतायचा. आजोबांनी परातीपासून हलायचे नाही, फोन आला तरी. बोटभर पाण्यातसुद्धा लेकरू तोंडावर पडू शकते, हे डॉक्टरांनी त्या दिवशीच बजावले होते. फोन यायचाच. पहिल्यांदा त्यांनी खिशाकडे हात नेला, तोच ओसरीवरून आवाज आला, "हात दिसतोय मला!" त्यांनी हात मागे घेतला. खेळ संपला की आजोबा-नातू मिळून ते पाणी बेलाच्या झाडाला घालत.

मी एकदा भिंतीवरून विचारले, "वीरण्णा, समितीचं काय?"

"शेषेरावच चालवून राहिला," ते परातीकडे बघत म्हणाले. "मला काढलं उपाध्यक्षपदावरून. बरं झालं. ह्याच्या एका तासानं माझी कंबर गेली. त्यांचा जिल्हा बसून होतो."

"आता कळलं?" वहिनी आतून म्हणाल्या. "मला तीस वर्षं झाली कळून."

त्या आवाजात गंमत नव्हती. वीरण्णांनी वाटी पुन्हा अप्पूच्या हातात दिली.

महिनाअखेरीला मिटिंग संपवून नीलम्मा बाहेर आली. वहिनी घागर उतरवत होत्या. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे बघितले आणि घागर हातातच राहिली.

"काय म्हणाला साहेब?"

"नोकरी टिकली, आत्या."

वहिनींनी घागर खाली ठेवली. पदराने तोंड पुसले. मला वाटले, आता हसतील.

"आणखी म्हणाले," नीलम्मा म्हणाली, "तुमच्याकडं आता एकदम शांत असतं. मग मिटिंग दोन तासांची करू या का?"

"शांत?" वहिनींचा आवाज पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला असेल. "लाव त्याला फोन. म्हणावं, रिक्षानं ये, आमच्याकडं भाकरी खा, आणि हे एक तास धरून दाखव. मग बोल दोन तासाचं!"

नीलम्माने फोन लावला नाही. पण तिने साहेबांना लिहून कळवले, एकच तास जमेल. हे उत्तर तिने आधी सासूला वाचून दाखवले आणि मग पाठवले.