ओफेलियाचा बोर्ड

अकराच्या सुमारास ओफेलिया, जिला सगळे आदराने 'दोन्या' म्हणत, राजमा निवडत बसली होती, तेवढ्यात शेजारणीने, चायोने, दार ठोठावलं. चायोचा मुलगा नाबोर आठ महिने कॅनडातल्या शेतांवर राबून आज घरी निघाला होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून टोरोंटोच्या विमानतळावरच्या विमानांच्या वेळांच्या बोर्डाचा फोटो त्याने पाठवला होता.

"दोन्या, हे वाचा बाई. तेरा पस्तीस म्हणजे दीडच्या पुढेच ना? आत्ता कुठे अकरा दहा होतायत. आणि तिथं कुणीतरी त्याला म्हणालं, उशीर आहे. मी त्याला म्हटलं, निवांत जेव."

ओफेलियाने सव्वीस वर्षं मेक्सिको सिटीच्या विमानतळावर असल्याच बोर्डाखाली फरशी पुसली होती. स्पॅनिश शब्द जाऊन त्याच जागी इंग्रजी यायचा. मॉपवर रेलून ती दोन्ही वाचायची. तेवढंच तिचं इंग्रजी.

"वरची 'डिलेड' ओळ कानकूनच्या विमानाची, उशीर तिला आहे. याच्या ओळीत 'फायनल कॉल' लिहिलंय, शेवटचं बोलावणं! आणि कोपऱ्यातलं घड्याळ बघ, तेरा दहा. ते आपल्या दोन तास पुढे असतात, वेडे! आता 'गेट क्लोज्ड' आलं की रडलं तरी दार उघडत नाहीत. पळव त्याला!"

चायो फोनवर किंचाळली. दहा मिनिटांनी फोटो आला: विमानाची खिडकी, कमरेला पट्टा, हातात अर्धा पाव.

"काय देऊ तुम्हाला?" चायोने डोळे पुसले.

ओफेलियाने पुन्हा राजमा पुढे ओढला.

"काही नको. तो मेक्सिको सिटीत उतरला की घरी यायच्या आधी वरच्या मजल्यावर जाऊन आमच्या बोर्डाचा एक फोटो काढ म्हणावं."