पाटीकाकांची तहान

फुटबॉलच्या मैदानाच्या उत्तर टोकाला पत्र्याची एक खोली आहे, चार माणसांच्या उंचीवर. तिथे सरळसोट लोखंडी शिडीने चढायचं, आणि गोल झाला की खिळ्यावरची जुनी पाटी काढून नव्या आकड्याची पाटी लावायची. हे काम अख्खी हयात घालवून ज्यांनी केलं ते पाटीकाका. वय सत्तरीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण गोल झाला की गडी पोरासारखा उडी मारायचा. खेळाडूच्या पायातून चेंडू सुटायच्या आधी यांच्या हातात पाटी आलेली असायची.

काकांचा एक नियम होता. सामन्याच्या दिवशी सकाळच्या चहानंतर पाण्याचा थेंब नाही. सुरुवात साध्या अडचणीतून झाली. वर मोरी नाही, आणि लघवीला उतरावं तर नेमका तेव्हाच गोल व्हायचा. पुढे एकदा उकाड्याने जीव कासावीस झाला म्हणून ते वर बाटलीभर पाणी प्याले आणि घरचा संघ हरला. पुन्हा एकदा प्याले, पुन्हा हरला. झालं! त्या दिवसापासून काका तहानलेले तरच संघ जिंकणार, अशी सगळ्या मैदानाची खात्री पटली. हरलो की माइकवाला, म्हणजे मैदानावर लाउडस्पीकरवरून बोलणारा त्यांचा दोस्त, खालून ओरडायचा, "काका, खरं सांगा, घोट घेतलात ना?"

काकू दर सामन्याला बाटली भरून द्यायच्या आणि संध्याकाळी ती तशीच भरलेली परत यायची. काकू कपाळावर हात मारायच्या.

उपांत्य सामन्याच्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्यावर भाकरी भाजावी. सकाळपासून काकांचं काळीज धडधडत होतं. त्यांना ब्लडप्रेशरची गोळी होती, शिवाय लघवी साफ होऊन प्रेशर उतरावं म्हणून दुसरी. आज सामना मोठा, तर धडधडही मोठी, असा हिशोब करून त्यांनी दोन्ही गोळ्या दुप्पट घेतल्या. डोकं लढवलं खरं, पण उलट्या दिशेने.

दुसऱ्या अर्ध्या खेळात बरोबरी चालू होती. काका उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात पोटात डाव्या बाजूला अशी कळ आली की जणू कोणी आतून ओला कपडा पिळतंय. आणि नेमका तेव्हाच गोल! मैदान उसळलं. काकांनी एका हाताने पोट धरलं, दुसऱ्या हाताने दोनची पाटी खिळ्याला अडकवली, आणि मग शिडी कशी उतरले ते त्यांनाही आठवत नाही. खेळाडूंच्या संडासात ते कसेबसे पोचले. आधी पातळ झालं. थोड्या वेळाने पुन्हा, आणि या वेळी भांड्यात लाल रक्त.

सामना जिंकल्याचा गजर चालू असताना माइकवाल्याला ते दाराशी बसलेले सापडले, पांढरेफटक, घामाने भिजलेले.

"काका! काय झालं?"

"जिंकलो ना?" काकांनी विचारलं, आणि मग एवढंसं तोंड करून म्हणाले, "रक्त पडतंय रे. हिला सांगू नकोस."

माइकवाल्याने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि पहिला फोन काकूंनाच केला.

इस्पितळात प्रेशर मोजलं तर वरचा आकडाच ऐंशीच्या घरात घसरलेला. हाताला सलाइन लागलं. सर्जन बाई आल्या, पोट दाबून पाहिलं, डाव्या बाजूला दुखत होतं पण पोट मऊ होतं. त्यांनी गोळ्यांचं विचारलं, पाण्याचं विचारलं. काकांनी चादर नीट केली. काकूंनी मात्र सगळा पाढा वाचला, गोळ्यांच्या पाकिटातल्या दुप्पट रिकाम्या जागांसकट.

"बाई, कॅन्सर आहे का?" काकांनी धीर करून विचारलं. ते मनातून पार घाबरले होते.

"तपासल्याशिवाय शब्द देत नाही," बाई म्हणाल्या. "पण हे इतकं अचानक आलंय, त्यामुळे मला वेगळाच संशय आहे."

स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याची डावी बाजू सुजलेली दिसली. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून पाहिलं. मध्येच लाल, सोललेले पट्टे, आजूबाजूचं आतडं चांगलं, गुदाशय स्वच्छ, गाठ कुठेही नाही. बाई खुर्ची ओढून बसल्या.

"आजोबा, तुमच्या गल्लीत नळाचा दाब कमी झाला की पाणी कोणाच्या घरी पोचत नाही?"

"शेवटच्या घरी."

"डाव्या बाजूचं आतडं ते शेवटचं घर. दोन रक्तवाहिन्यांची टोकं तिथे संपतात. तुम्ही दिवसभर पाणी प्याला नाहीत, घाम गाळलात, वर प्रेशर उतरवणाऱ्या गोळ्या दुप्पट. दाब पडला, तिथे रक्त कमी पोचलं आणि आतलं अस्तर दुखावलं. म्हणून कळ, म्हणून रक्त."

"कापावं लागेल?"

"बहुतेकांना लागत नाही. आतड्याला विश्रांती, सलाइन, आणि त्या गोळ्या सध्या बंद. काही दिवसांत अस्तर आपलं आपण भरून येतं. पण पोट कडक झालं, ताप चढला, दुखणं वाढलं, तर मी थांबणार नाही."

दोन रात्री काकू पलंगाशी बसून होत्या. दर वेळी नर्स पोट तपासायला आली की काकू तिच्या तोंडाकडे बघायच्या. पोट मऊच राहिलं. कळा ओसरल्या, रक्त थांबलं, प्रेशर वर आलं. काकूंनी तेव्हा पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काकांना झापलं.

अंतिम सामना आला त्या दुपारी बाईंनी सांगितलं, आता घोट घोट पाणी सुरू करा. तिकडे मैदानावर माइकवाल्याने फोन लावून माइकशेजारी ठेवला होता, म्हणजे काकांना अख्खा सामना ऐकू यावा. वॉर्डातले सगळे कान टवकारून बसले होते. शून्य-शून्य. थोडाच वेळ उरलेला. आणि नर्सने पाण्याचा पेला पुढे केला.

"सामना संपल्यावर," काका म्हणाले.

"आत्ता," काकू म्हणाल्या.

"अगं, हरतील!"

काकू ओरडल्या नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी पेला हातात घेतला.

"हरू देत," त्या म्हणाल्या. "मला तुम्ही हवे आहात."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग एक घोट घेतला. फोनमधून मैदान हाय हाय करत विव्हळलं. समोरच्या संघाचा गोल! वॉर्डभर सगळे काकांकडे असे बघायला लागले जणू यांनीच लाथ मारली. काकांचा चेहरा उतरला. पेला अजून भरलेलाच होता.

त्यांनी डोळे मिटले आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा. नर्स "हळू, हळू!" म्हणत होती, तेवढ्यात फोन किंचाळला. बरोबरी! चौथा घोट. वॉर्ड उभा राहिला. पाचव्या घोटाला माइकवाल्याचा आवाज इतका फाटला की काय झालं ते कोणाला कळेना, आणि मग कळलं. दोन-एक! समोरच्या पलंगावरचा पाय मोडलेला गृहस्थ टाळ्या पिटत होता. काकू रडत हसत होत्या.

"म्हणजे," काका रिकाम्या पेल्याकडे बघत म्हणाले, "मी इतकी वर्षं उगाच वाळलो?"

काही आठवड्यांनी, नव्या, बेताच्या मात्रेच्या गोळ्या घेऊन आणि बाईंची परवानगी काढून, काका पुन्हा शिडी चढले. बाटली काकूंनीच दोरीने वर चढवली. त्या दिवशी संघ मागे पडला, आणि आधी एक जण, मग दहा, मग अख्खं मैदान काकांच्या खोलीकडे तोंड करून ओरडायला लागलं.

"काका, पाणी प्या! काका, पाणी प्या!"

सगळ्यात मोठा आवाज काकूंचा होता. काकांनी बाटली उंच धरून सगळ्यांना दाखवली, आणि तोंडाला लावली.