खातं बंद करण्याचं पत्र

जळगावात ऑक्सिजनची मशीनं आणि दवाखान्याचे पलंग भाड्याने देणाऱ्या एका दुकानात मी हिशेब बघत होते, त्या वर्षीची ही गोष्ट. घरी ह्यांची फुफ्फुसं आक्रसत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, औषधाने वेग थोडा कमी होईल, मागे काही फिरणार नाही. दिवसाचे सोळा-सतरा तास नाकाला नळी. ते मशीन आमच्याच दुकानातलं होतं आणि मालक माझ्याकडून त्याचं निम्मंच भाडं घेत. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. ‘निम्मं’ हा शब्द त्यांनी कधी दुसऱ्यांदा काढला नाही. पण मला तो रोज आठवायचा.

मार्चमध्ये सीए साहेबांनी यादी हातात दिली. वर्ष उलटून गेलेल्या, फोन करूनही न आलेल्या किरकोळ बाक्या. हजार-दोन हजारांसाठी भडगाव-यावलला माणूस पाठवायचा म्हणजे डिझेलही निघत नाही. या रकमा बुडीत म्हणून खर्ची टाका, खाती बंद करा आणि प्रत्येकाला एक पत्र पाठवा, म्हणजे फाईलला कागद राहील, असं त्यांनी सांगितलं.

पत्राचा मसुदा भाऊंनी मोबाईलवर कुठून तरी काढला होता. तो माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “ताई, तुमची मराठी चांगली आहे. जरा गुळगुळीत करा. माणसाला वाचून बरं वाटलं पाहिजे.”

मसुदा असा होता : “आपल्या नावे असलेली क्षुल्लक थकबाकी वसूल होण्याची शक्यता नसल्याने ती माफ करण्यात येत आहे. आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात. पुन्हा सेवेची संधी द्यावी.”

मी पेन घेऊन बसले. ‘क्षुल्लक’ खोडलं, कारण ज्याला ती भरता आली नाही त्याला ती क्षुल्लक नसते. ‘वसूल होण्याची शक्यता नसल्याने’ खोडलं, त्यात चोर म्हटल्यासारखं होतं. ‘माफ’वर अडले. माफी गुन्ह्याची असते. तिथे लिहिलं, “ही रक्कम आम्ही आमच्या हिशेबातून कमी केली असून यापुढे तिची मागणी केली जाणार नाही. आपलं खातं आज बंद केलं आहे.” आणि शेवटचं वाक्य. आमच्याकडून मशीन नेणाऱ्यांपैकी बरेच जण ते का परत करतात, हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पुन्हा सेवेची संधी! मी ते ओळीच्या ओळ काढून टाकलं आणि लिहिलं, “कठीण काळात आपण आमच्यावर विश्वास ठेवलात, त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.”

 वाचताना, हेच पत्र उद्या माझ्या नावाने कोणी तरी लिहील, असं वाटत राहिलं.

मग एकेक खातं उघडून नावं आणि रकमा भरायला लागले. भडगावकडचं एक खातं होतं. एक हजार तीनशे ऐंशी रुपये. अनामत पाच हजार जमा होती. एक महिन्याचं भाडं साडेचार हजार, पाण्याची बाटली आणि नळीचे दोनशे तीस, आणि वर सुटे अकरा दिवस, दीडशे रुपये रोजाने सोळाशे पन्नास. बेरीज बरोबर होती. पण हे अकरा दिवस कुठले, म्हणून मी फोनची वही काढली. महिना संपला त्याच तारखेला माझ्याच अक्षरात नोंद होती : “पेशंट गेले. मशीन घेऊन जा म्हणतात.”

आमची गाडी त्या बाजूला आठवड्यातून एकदा जायची. त्या आठवड्यात ती बिघडली, म्हणून अकरा दिवसांनी गेली. आणि भाडं आम्ही गाडी पोचेपर्यंतचं लावलं होतं. माणूस गेल्यावरही अकरा दिवस ते मशीन कोपऱ्यात बंद पडून होतं आणि त्याचं भाडं चढत होतं.

मी कागदावर पुन्हा आकडा मांडला. अकरा दिवस काढले की बाकी उरतच नव्हती. उलट आम्हीच त्यांचे दोनशे सत्तर रुपये देणं लागत होतो. म्हणजे ही बुडीत रक्कम नव्हतीच. आमचं बिल चुकलं होतं. ते दुरुस्त करायचं, पैसे परत करायचे, आणि पत्र लिहायचंच तर आपण चुकलो असं लिहायचं.

वही आणि खातं घेऊन मी केबिनमध्ये गेले. “भाऊ, एक बोलायचं होतं,” एवढं म्हटलं आणि माझा मोबाईल वाजला. ह्यांचा होता. हे फोनवर फारसे बोलत नसत, दम लागायचा.

“पिवळा दिवा... लागलाय,” हे म्हणाले. “शिट्टी... वाजतेय.”

पिवळा दिवा म्हणजे मशीनमधून हवा येते, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. भाऊंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता उठले. “घरात ठेवलेल्या सिलिंडरची नळी लावायला सांगा त्यांना. मी दुसरं मशीन काढतो.” दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईकाला द्यायचं म्हणून बांधून ठेवलेलं नवं मशीन त्यांनी स्वतः उचललं, मला पुढे बसवलं आणि स्वतः गाडी चालवत घरी आणलं. ह्यांचे ओठ निळसर झाले होते. सिलिंडरची चावी ह्यांच्या हाताने फिरतच नव्हती. भाऊंनी ती फिरवली. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा वर येईपर्यंत ते ह्यांच्या पायाशी बसून राहिले.

“आता काय बोलायचं होतं ताई?” परत येताना त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “पत्रं तयार आहेत.”

त्यांनी सह्या केल्या. भडगावचं पाकीट मी स्वतः चिकटवलं. मनाला सांगत राहिले, त्यांना भरायचं तर काही नाही ना? मागणी संपलीच. कोणाचं काय बिघडतं? पण बारा दिवस मला नीट झोप लागली नाही. ह्यांच्या मशीनच्या आवाजात ते अकरा दिवस मोजले जात आहेत असं वाटायचं.

तेराव्या दिवशी दुपारी एक बाई दुकानात आल्या. साठीच्या असतील. मागे त्यांचा दीर होता, तो दारातच उभा राहिला. बाईंनी माझं पत्र टेबलावर ठेवलं. चार घड्यांवर मळलं होतं, बऱ्याच जणांनी हाताळल्यासारखं.

“हाऊ कागद तुमनाच शे ना, अक्का?”

मी हो म्हटलं.

त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. “तेस्ना नाववर बाकी ठेवानी नही. पैसा जमा करी ल्या.”

त्यांच्या नवऱ्याच्या नावावर बाकी राहता कामा नये, म्हणून त्या पैसे भरायला आल्या होत्या. भाऊ केबिनमधून बाहेर आले. “अहो, ते सोडून दिलंय आम्ही. पत्रात लिहिलंय ना.”

दीर दारातून म्हणाला, “पत्रात लिहिलं म्हणूनच आलो. गावात कागद आला, चार लोकांनी वाचला. माझा भाऊ पैसे बुडवून गेला, असं झालं ना?” त्याचा रोख भाऊंवर नव्हता, वहिनीवर होता. येताना वाटेतही त्याने तिला हेच ऐकवलं असणार.

भाऊंनी खांदे उडवले. “घ्या मग ताई. बुडीत टाकलेलं परत जमा दाखवा. पावती द्या.”

मी पैसे मोजले. पन्नासाच्या, वीसच्या नोटा. पावतीवर नाव लिहिलं, रक्कम लिहिली. सही करताना हात थांबला. बाई वाकून पावतीकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं होतं, बरोबर तिथेच.

“हे पैसे तुमच्याकडे निघत नव्हते,” मी म्हणाले.

“काय?”

“ते गेले त्याच दिवशी तुम्ही फोन केला होता. गाडी अकरा दिवसांनी आली. त्या अकरा दिवसांचं भाडं आम्ही लावलं. ते लावायला नको होतं. उलट आमच्याकडेच तुमचे दोनशे सत्तर रुपये आहेत.”

बाई सावकाश खाली बसल्या, खुर्चीवर नाही, फरशीवरच. “म्हंजे तेस्ना नाववर काहीच नव्हतं?”

“काहीच नव्हतं.”

“काहीच नव्हतं?”

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या रडत होत्या. तोंडावर पदर दाबून, आवाज न काढता, सगळं अंग हलत होतं. दीर बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं होतं खरं सांगितलं की सुटेन. तसं काही झालं नाही. त्या पत्रापायी बाईंच्या घरात जे झालं होतं ते मला परत करता येणार नव्हतं.

भाऊंनी मला आत बोलावलं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नोंद वाचली, तारखा जुळवल्या, कॅलक्युलेटर दोनदा दाबला.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“पत्रं लिहिताना.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

माझ्याजवळ उत्तर होतं. ते ओठ, ती चावी, ते नवं मशीन, ते निम्मं भाडं. मी नुसती वही मिटली. भाऊ माझ्याकडे बघत राहिले आणि मला वाटतं त्यांना समजलं. त्यांचा चेहरा आणखीच उतरला. मी त्यांना कसा माणूस समजत होते, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

“द्या त्यांचे पैसे,” ते म्हणाले. “तेही आणि दोनशे सत्तरही. बिल दुरुस्त करा. आणि नवं पत्र लिहा.”

“कसं लिहू?”

“जसं आहे तसं लिहा. गुळगुळीत नको.”

मी तीन ओळी लिहिल्या : “आपल्याला अकरा दिवसांचं भाडं आमच्याकडून चुकीने आकारलं गेलं. आपल्या पतींच्या नावे कोणतीही बाकी कधीच नव्हती. चूक आमची आहे, त्याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो.” ‘कधीच’ हा शब्द भाऊंनी स्वतः घालायला सांगितला. त्यांनी सही केली, शिक्का मारला.

बाईंना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “आते तेस्ले वाचा,” आणि दिराकडे बोट केलं. मी दारापाशी जाऊन त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. बाईंनी कागद घडी न करता ब्लाऊजवर धरला आणि दोघं स्टँडच्या दिशेने निघाले. दीर दोन पावलं मागे होता.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला भाडं भरायला मी पूर्ण रक्कम घेऊन गेले. भाऊंनी निम्मी मोजून घेतली, उरलेली टेबलावर सरकवली आणि फोनवर बोलायला लागले. पण पत्रं त्यांनी मला पुन्हा कधी दिली नाहीत. ती आता सीए साहेबांच्या ऑफिसातून छापून येतात.

ह्यांना मी यातलं काहीही सांगितलं नाही. त्यांना श्वास पुरत नाही, आणि असलं ऐकायलाही श्वास लागतो.