काटा रिकामा असताना

संध्याकाळी सहानंतर कार्यालयं सुटतात, माणसं घरी जातात आणि कॉम्प्युटरला कोणी हात लावत नाही, असं ज्यानं ठरवलं त्यानं यवतमाळ जिल्ह्यातला कापसाचा हंगाम पाहिला नसावा. पांढरकवड्याच्या रस्त्यावर आमची जिनिंग आहे. आमची म्हणजे मालक वेगळे. मी फक्त तिथले कॉम्प्युटर सांभाळते. पण हंगामात मी त्या जिनिंगवर इतकी रागावते की ती आपलीच वाटते. झरी जामणीकडून निघालेल्या ट्रॉल्या दिवसभराची वेचणी भरून दिवेलागणीला फाटकाशी येतात, आणि वजनकाट्याचा खरा दिवस तेव्हा सुरू होतो.

मी काम हाती घेतलं तेव्हा एका दणकट यंत्राच्या पोटात चार वेगवेगळे कॉम्प्युटर चालत होते. एक काट्याचा, एक हिशेबाचा, एक कॅमेऱ्यांचा, एक फायली ठेवायचा. आमच्या धंद्यात अशांना गेस्ट म्हणतात. हे कसले पाहुणे, बारा महिने तेरा काळ ठाण मांडून बसलेले! त्यांच्या प्रणालीत कुठे चोरवाट सापडली की बनवणारे दुरुस्ती पाठवतात, आणि हे गेस्ट रोज आपणहून ती उतरवून लावतात. बहुतेक दुरुस्त्या काम सुरू असतानाच लागतात. पण प्रणालीचा गाभाच बदलला असेल, तर नवा गाभा यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्याशिवाय कामाला लागत नाही. माझ्या आधीच्या ठेकेदारानं तेही आपोआप करून ठेवलं होतं. वेळ दिली होती कार्यालय सुटल्यानंतरची. वर शहाणपणा असा, की यंत्रावर कोणी लॉग-इन असेल तर थांबायचं.

हे काट्याच्या गेस्टपुरतं साफ निरुपयोगी होतं. काटाबाबू, ज्यांना मी काका म्हणते, खोलीतल्या आपल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून वजनाचं पान वापरतात. गेस्टच्या आत ते लॉग-इन होतच नाहीत. म्हणजे काका समोर बसून पावत्या फाडत असले, तरी गेस्टच्या लेखी घरात कोणी नाही.

व्हायचं ते झालं. एका संध्याकाळी काट्यावर भरलेली ट्रॉली होती, बाहेरच्या फलकावर लाल आकडा दिसत होता, काका पावतीचं बटण दाबणार, तोच पान पांढरं पडलं. फलक काट्याला थेट जोडलेला, म्हणून तो सुरूच राहिला. यंत्र परत येईपर्यंत कापसावर बसून आलेल्या वेचणाऱ्या बायका कंटाळून खाली उतरल्या. पान उघडलं तेव्हा आकडा उतरलेला. बायका उतरल्या म्हणून उतरला हे काकांनी सांगून पाहिलं, पण ट्रॉलीवाल्याला ते पटेना. तो फलकाकडे बोट दाखवत सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "मंघानी जास्त होतं, आता कमी कायनं झालं? बाबू, तुमी पडदा घालवून माह्यं वजन खाल्लं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, आणि मग गावोगाव बोभाटा झाला. या जिनिंगचा बाबू स्क्रीन घालवतो आणि वजन मारतो. कळंबच्या बाजारातही कोणीतरी ते बोलल्याचं मालकांच्या कानावर आलं. मालकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. भाऊंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, हे अपडेट-फपडेट बंदच करून टाका, नाही लावले तर काय आभाळ कोसळते? मी म्हटलं, कोसळेल. शेजारच्या दालमिलमध्ये कोणीतरी चोरवाटेनं शिरून सगळा हिशेब कुलूपबंद केला होता, आणि त्यांचा हंगाम कार्बनच्या पावत्या जुळवण्यात गेला. आमचा काटा तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावती पाठवतो, म्हणजे दिवसभर इंटरनेटवर उघडा. मी दुरुस्त्या बंद करणार नव्हते. भाऊ चिडले. म्हणाले, मग बाबू बदलतो, कारण लोकांचा विश्वास या माणसावरून उडाला.

ते ऐकून माझं डोकंच फिरलं. काकांनी या काट्यावर केस पांढरे केले होते. मी खोलीत गेले तेव्हा ते शांतपणे शाईचा पॅड पुसत होते.

"ताई, मले गोदामात पाठवा म्हना भाऊले," ते म्हणाले. "चोर म्हनवून घ्याले मी काट्यावर नाई बसलो."

मी भाऊंकडे परत गेले आणि स्वयंचलित रीस्टार्ट त्यांच्या देखत बंद केला. दुरुस्त्या मात्र सुरूच ठेवल्या. त्यांना म्हटलं, नवा बाबू शोधायच्या आधी मला थोडे दिवस द्या. पण रीस्टार्ट कायमचा बंद ठेवणं म्हणजे नवं कुलूप आणून दारामागे ठेवून देणं. मला अशी वेळ हवी होती जेव्हा काटा खात्रीनं रिकामा असेल. भाऊंनी जेवणाची सुट्टी सुचवली. तेव्हा गाड्या येतच असतात. त्यांनी रविवार सुचवला. रविवारी गाठींचे ट्रक भरून बाहेर पडतात, आणि तेही काट्यावरूनच. शेवटी मी डबा घेऊन काकांच्या खोलीत जाऊन बसले. घरी सांगून ठेवलं, की माझी नोकरी बदलली, मी आता काट्यावर असते.

उत्तर दुसऱ्याच सकाळी मिळालं, आणि इतकं साधं की मला माझंच हसू आलं. पहिली गाडी घ्यायच्या आधी काका काट्याची पाटी, म्हणजे गाडी चढते तो लोखंडी पाट, झाडून घेतात. फटीत अडकलेला कापूस, चिखलाचे गोळे, खडे सगळं काढतात. मग फलकावर शून्य बघतात, कोपऱ्यात ठेवलेली प्रमाणित वजनं चढवून आकडा तपासतात, उतरवतात, पुन्हा शून्य बघतात आणि उदबत्ती लावतात. ती उदबत्ती लागेपर्यंत पाटीवर कोणाचं चाक चढत नाही. त्या सकाळी खुद्द भाऊंची गाडी आडवी आली, तर काकांनी हातानंच तिला मागे सारलं आणि भाऊंनी गुमान मागे घेतली. सगळ्या दिवसात एवढाच वेळ असा होता की काटा रिकामा आहे हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असे.

मी तिथेच बसून कामाला लागले. दुरुस्त्या आधी फायलींच्या गेस्टवर लागतील, तिथे काही बिघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी काट्यावर. रीस्टार्ट लागणार असेल, तर आदल्या संध्याकाळी काकांच्या पानावर पिवळी पट्टी येईल: उद्या काटा साफ होताना यंत्र बंद होऊन सुरू होईल. सकाळी पानावर 'काटा रिकामा' असं बटण दिसेल. काकांनी ते दाबलं, आणि वजन घेऊन पावती न फाडलेली एकही गाडी नसली, तरच गेस्ट आधी आपली प्रत काढून ठेवेल आणि मग बंद होईल. नाहीतर दुसऱ्या सकाळपर्यंत थांबेल. भाऊंनी नेमकं विचारलं, बाबूनं बटण दाबलंच नाही तर? मी म्हटलं, फार दिवस टळलं तर मला निरोप येईल, आणि मग मी तुमच्या मागे लागेन. ती धमकी त्यांना पटली असावी. एवढं मात्र म्हणाले, की आता लोकांसमोर पडदा गेला तर बाबू गोदामात.

लवकरच गाभ्याची दुरुस्ती आली. फायलींचा गेस्ट नीट उठला. संध्याकाळी पिवळी पट्टी झळकली आणि काका स्वतः फाटकाबाहेर जाऊन रांगेला सांगून आले, की सकाळी पहिल्या गाडीआधी यंत्र बंद होईल, कोणी घाबरू नका. मी सकाळी पोहोचले तर काट्यावर ट्रॉली उभी! रात्रभर चाललेल्या रांगेतली शेवटची गाडी, वजन झालेलं, पावती बाकी, आणि उतरताना पाटीवरच तिचं चाक निखळलेलं. भोवती माणसांचा घोळका. भाऊही आलेले. मी लिहिलेलं मलाच ठाऊक होतं, तरी धावतच खोलीत शिरले.

काकांनी बटणाला हात लावला नाही. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. वेळ झाली, टळली, पान जागच्या जागी. पट्टीवरची अक्षरं तेवढी बदलली: आज नाही, उद्या. काकांनी पावती फाडून ट्रॉलीवाल्याच्या हातात दिली, मग सगळेच चाकाकडे बघायला गेले. मी खोलीत एकटीच होते, म्हणून टेबलावर जोरात हात आपटून घेतला. एखाद्या यंत्रानं काहीच न केल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या सकाळी पाटी झाडून झाली, वजनं चढली, उतरली, फलकावर शून्य आलं. रांग फाटकापासून रस्त्यापर्यंत गेलेली. काकांनी खोलीची खिडकी मुद्दाम सताड उघडली, म्हणजे पुढच्या गाडीवाल्यांना पडदा दिसावा. मग उदबत्ती हातात धरून बटण दाबलं. पान गेलं. रांगेत कुजबुज झाली. रिकाम्या काट्याचं शून्य बाहेरच्या फलकावर सगळ्यांदेखत तसंच होतं. काकांचं उदबत्ती लावून, हात जोडून होतंय न होतंय, तोवर पान परत आलं. नवा गाभा, तोच काटा. पहिली ट्रॉली चढली आणि तिची पावती खरखरत बाहेर आली.

भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, की गोदामासाठी दुसरा माणूस बघतो. मी म्हटलं, बघाच. मला त्या क्षणी कोणी जिल्हाधिकारी केलं असतं तरी कमीच वाटलं असतं.

रांगेत तिसऱ्या नंबरवर तोच ट्रॉलीवाला होता, ज्यानं काकांना वजन खाल्लं म्हटलं होतं. त्याच्या मागचा एक नवखा विचारत होता, की इथला पडदा मधेच जातो म्हणतात, ते खरं का. ट्रॉलीवाल्यानं मान वळवली नाही. ट्रॅक्टरवर बसूनच, पण काकांना खिडकीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "इथलं मशीन बाबूले पुसल्याबिगर बंद होत नाई. तू बिनधास्त चढव."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला आणि पुढच्या गाडीला हात केला.