बत्तिसाव्या प्रश्नाला नेट गेलं

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. करोनानंतर पालघरचं आमचं कॉलेज अर्धंमुर्धं उघडलं होतं, पण परीक्षा घरूनच द्यायची होती. लॅपटॉपवर पन्नास प्रश्न, एक तास, आणि कॅमेरा चालू. कॅमेरा दर थोड्या सेकंदांनी फोटो काढायचा. मान फार वळली, खोलीत दुसरं कुणी दिसलं किंवा खुर्ची रिकामी दिसली की नोंद व्हायची. तिकडे कॉलेजात बसलेल्या शिक्षकांना ती दिसायची.

आमचं घर पालघरजवळच्या माहीमला, वाडीत. नारळ, केळी, थोडी पानवेल. नेटची वायर रस्त्यावरून माडामाडाला बांधत घरात आणलेली. कॉस्टिंगच्या पेपराला मी सगळी जय्यत तयारी केली. खोली झाडली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, कोंबड्या टोपलीखाली डालल्या. फोन खोलीत ठेवायचा नाही असा नियम, म्हणून तो आत्याच्या हातात दिला आणि बजावलं, "पेपर संपेपर्यंत मी कितीही मागितला तरी द्यायचा नाही." आत्या दाराबाहेर पाट टाकून बसली. बाबांनाही सांगितलं, तासभर घरात यायचं नाही.

बाबा घरात आले नाहीत. त्यांनी वेळ वाया जाऊ नये म्हणून माडावर चढून नारळ उतरवायला घेतले.

एकतीस प्रश्न झाले होते. बत्तिसावा उघडला आणि बाहेर मोठ्ठा आवाज झाला. वाळलेली झावळी पडली होती. नुसती जमिनीवर नाही, वायरीवरून जमिनीवर. पडद्यावर अक्षरं आली: संपर्क तुटला, पुन्हा जोडण्याचा प्रयत्न चालू आहे. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र थांबलं नाही. सव्वीस मिनिटं उरली होती.

मी ओरडले, "आत्या, फोन दे! हॉटस्पॉट लावायचाय!"

"नाय देणार."

"अगं, नेट गेलंय!"

"तूच सांगितलंस ना, मागितला तरी द्यायचा नाय? आमी काय येड्या हाव?"

मी दारात जाऊन हात जोडले. आत्याने फोन डोक्याच्या वर धरला. मी उडी मारली, आत्या पाटावर उभी राहिली. ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकत होती, आणि ते नेमकं माझं.

तेवढ्यात बाबा उघड्या अंगाने, कमरेला पंचा गुंडाळून आत आले. हातात वायरीचं एक टोक. दुसरं खिडकीतून लोंबत होतं.

"घाबरू नको पोरी. मी दोनी टोकं जोडून धरतो, तू लिही."

ते स्टुलावर चढले आणि खरोखरच दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून उभे राहिले. ती काचेच्या केसाची वायर, तिच्यातून उजेड जातो, ती हाताने जुळत नाही, हे मी त्यांना सांगत होते आणि ते विचारत होते, "आता आला? आता?"

यात दहा मिनिटं गेली. शेवटी आत्याने बाबांच्या तोंडाकडे बघून फोन दिला. पण घरात रेंज कुठली? रेंज यायची ती केळीच्या पलीकडे, विहिरीपाशी. मी लॅपटॉप उघडाच उचलला आणि पळाले. विहिरीवर शेजारच्या काकू कपडे धूत होत्या. "परीक्षा हाय ना तुझी?" म्हणत त्या कौतुकाने पडद्यात डोकावल्या आणि कुणीतरी बघतंय असं वाटून त्यांनी हात हलवला.

बऱ्याच खटपटीनंतर नेट जुळलं तेव्हा सहा मिनिटं उरली होती. आधीची उत्तरं जागेवर होती. मी बत्तिसावा सोडवला, तेहेतिसावा सोडवला, आणि तांबडी पट्टी आली: वारंवार गैरहजेरी आणि इतर व्यक्ती आढळल्यामुळे पेपर बंद करण्यात येत आहे. मी विहिरीच्या काठावर बसून रडले. काकूंनी धुतलेलाच टॉवेल दिला.

हेल्पलाइन चौथ्या खेपेला लागली. परीक्षा बघणाऱ्या मॅडम होत्या. मी झावळीपासून सुरुवात केली तर म्हणाल्या, "थांब. नेट किती वाजता गेलं?"

"दहा चौतीस."

"तुटलेल्या वायरीचा फोटो काढ. पडद्यावर जे आलंय त्याचाही काढ, वेळ दिसू दे. आजच्या आज कॉलेजला मेल कर. सीट नंबर, विषय, नेट गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ. पाच ओळी. आणि पुढच्या वेळेला जागेवरून हलायचं नाही. तिथेच बसायचं, दुसरं नेट जवळ आणायचं, आपण नेटकडे जायचं नाही."

"पण मॅडम, नापास धरतील का?"

"नेट गेलं म्हणून कुणी नापास धरत नाही. तुझ्या लॅपटॉपची जोडणी कधी तुटली ते आम्हाला दिसतं. तुझं बोलणं त्याच्याशी जुळलं की फेरपरीक्षा मिळते. पण तुझ्या खात्यावर फोटोंच्या नोंदी फार दिसतायत. त्याचा खुलासा समितीपुढे द्यावा लागेल."

मी पाच ओळींचा मेल केला. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. बाबा म्हणाले, मीही येणार. आले ते चांगला शर्ट घालून, पिशवीत वायरीचा तुकडा आणि खांद्यावर झावळी. पालघर स्टेशनपर्यंत रिक्षात ती झावळी अर्धी बाहेर होती.

समितीत तीन शिक्षक. मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. नेट नसताना काढलेले फोटो लॅपटॉपने जपून ठेवले होते आणि विहिरीवर नेट मिळताच सगळे वर पाठवले होते. पहिला, मी पेन चावताना. मग रिकामी खुर्ची. मग दारात हवेत उंच धरलेला एक हात.

"हे काय?"

"आत्या. फोन देत नव्हती."

"आणि हे कोण?"

"बाबा. म्हणजे त्यांचं पोट. ते स्टुलावर होते."

बाबांनी नकळत शर्टाचं खालचं बटण चाचपलं. मग बरीच केळीची पानं, थोडं आभाळ, आणि शेवटी हसून हात हलवणाऱ्या काकू. सर्वांत वयस्कर सर चष्मा काढून डोळे पुसत होते. ते मुळीच गंभीर राहू शकत नव्हते.

मॅडम मात्र राहिल्या. "दहा चौतीसला जोडणी तुटल्याचं नोंदीत आहे. त्याआधीची वागणूक स्वच्छ आहे. एकाही फोटोत पुस्तक, कागद नाही. ही कॉपी नाही."

"साहेब, चूक माझी हाय," बाबा उभे राहिले. "पोरीला शिक्षा नको. झावळी आणलीय."

"दिसतेय," सर म्हणाले.

फेरपरीक्षा मिळाली. ज्यांचं नेट गेलं होतं त्या सगळ्यांची एकत्र, कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत, प्रश्न सगळे नवीन. आधीचे तेहेतीस जमेस धरले नाहीत, पुन्हा पहिल्यापासून पन्नास. सालवडचा एक वर्गमित्र मात्र त्यात नव्हता. त्याचंही नेट गेलं होतं, पण त्याने कळवलं ते निकाल लागल्यावर, आणि फोटो एकही नाही. त्याला पुढच्या सत्रात ए.टी.के.टी. द्यावी लागली.

कॉस्टिंगमध्ये मला पन्नासपैकी एक्केचाळीस मिळाले. सगळ्यांत कमी मार्क ऑडिटिंगला पडले. त्या पेपराला नेट पूर्ण तासभर एकदम व्यवस्थित होतं.