खालच्या ओळीतला चेहरा

वैजनाथ जन्मापासून ठार बहिरा. यवतमाळहून पुण्यात आला, खराडीच्या एका आयटी कंपनीत चिकटला आणि मीटिंगच्या व्हिडिओंखालच्या ओळी वाचून नोकरी करू लागला. त्या ओळी ऑफिसातली अपेक्षा नावाची मुलगी लिहायची. व्हिडिओत माणसं दिसत नसत, नुसते तक्ते.

एका व्हिडिओत रविराज साहेब म्हणाले होते, "वा, वैजनाथ! तुम्ही नसता तर कंपनीला टाळंच लागलं असतं." त्या ओळीचा फोटो वैजनाथने आईला पाठवला. दुर्गाबाईंनी तो अख्ख्या आळीत मिरवला.

शब्द कळतात पण सूर कळत नाही, म्हणून ओळीच्या शेवटी इमोजी लावा, ही मागणी वैजनाथचीच. साहेबांनी ती मंजूर केली.

"आधी माझ्या कौतुकाचा व्हिडिओ घे," त्याने अपेक्षाला मेसेज केला. तिने चार दिवस टाळाटाळ केली. तो हटून बसला. शेवटी तिने ऐकलं तसंच लिहिलं. साहेबांच्या वाक्यापुढे 🙄 आला आणि त्याखाली नवी ओळ: [सगळे हसतात] 😂.

पुण्यातलं कौतुक नुसतं वाचून भागत नाही, हे त्या भाबड्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं!

गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. त्यांना खरोखर लाज वाटली. पुढच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "वैजनाथ, तुमचं काम उत्तम आहे. मनापासून सांगतो." अपेक्षाने ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं आणि निश्चिंत मनाने पुढे 😊 लावला.

संध्याकाळी वैजनाथचा मेसेज आला, "इमोजी चुकलाय. दुरुस्त कर."