सकाळपुरते घरून काम

गोपाल मंगरूळपीरला राहत असे आणि शेलूबाजारच्या फाट्याजवळील डाळ मिलमध्ये हिशेबाचे काम पाहत असे. हमाल त्याला 'मुनीमजी' म्हणत. वस्तुतः बैठ्या मेजावर बसणारा मुनीम त्या मिलमधून केव्हाच गेला होता आणि गोपालच्या पुढ्यात संगणक होता. परंतु नाव तेवढे राहून गेले होते. गोपाल निमूट, नेटका आणि स्वतःबद्दल कमी बोलणारा मनुष्य होता. आपल्या घरातील गोष्ट चारचौघांत निघू नये, याची तो फार काळजी घेई.

दिवाळीनंतर त्याच्या आईला, नानीबाईंना, लकवा झाला. उजवे अंग गेले, बोलणे अडखळू लागले. सून सुप्रिया जवळच्याच एका आरोग्य केंद्रात परिचारिका होती; तिला सकाळी लवकर निघावे लागे आणि ती दुपारी परते. प्रारंभी तांड्यावरची हिरीबाई सकाळभर येऊन म्हातारीचे सगळे करी. पण तिचे कुटुंब ऊसतोडीला निघाले, तशी तीही गेली. दुसरी बाई मिळेना. सुप्रियाची कामाची वेळ बदलणे शक्य नव्हते. म्हणजे सकाळी आईला उठवणे, धुणे, भरवणे हे सर्व गोपालवर आले. रोज सकाळची अर्धी रजा घेता घेता रजा संपत आली. आता एक तर नोकरी सोडावी, नाही तर आईला दाराला कडी घालून एकटे ठेवावे, एवढेच उरले होते.

मिलचे व्यवस्थापक मोहनसिंग यांना विचारायचे, असे त्याने अनेकदा ठरवले. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत तो जाई आणि पाण्याचा ग्लास भरून परत येई. पुरुषाने आईला न्हाऊ घालण्यासाठी सकाळची सूट मागायची, हे वाक्य त्याच्या जिभेवर येतच नसे.

शेवटी त्याने आपल्याकडे करतात तसे केले. आपण बोलायचे नाही. मोठ्या माणसाकरवी शब्द टाकायचा. रंगराव गुरुजींची तूर दरवर्षी त्याच मिलला येई आणि मोहनसिंग त्यांना मान देत. गोपाल त्यांच्या घरी जाऊन म्हणाला, "गुरुजी, कारण सांगू नका. फक्त सकाळी थोडी सवलत द्या, इतकंच म्हना."

गुरुजी दुसऱ्याच दिवशी आले. वजनकाट्याजवळ खुर्ची टाकून बसले, चहा घेतला, आणि हमाल, गाडीवान, काट्यावर पावत्या लिहिणारी साधना अशा सर्वांच्या देखत खड्या आवाजात म्हणाले, "मोहनसिंगजी, आपल्या गोपालचं पहा ना जरा. पोराले रोज सकाळी मायले धुवा-पुसा लागते. लई कष्ट आहेत बिचाऱ्याचे!"

पोती उचलणारे हात क्षणभर थांबले. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "मुनीमजीनं घरी दाईची नौकरी धरली म्हनते!" आणि दोघे हसले. खिडकीआड बसलेल्या गोपालचे कान तापले. त्याला वाटले, आपल्या आईलाच कोणी उघडे करून काट्यावर बसवले आहे, आणि ते आपणच करविले आहे.

गुरुजी गेल्यावर मोहनसिंगांनी त्याला आत बोलावले. "काय रे, तोंड गहाण ठेवलं का तुनं? गुरुजीले काहून पाठवलं?"

गोपालने केबिनचे दार ओढून घेतले.

"आता मी नाही म्हटलं तर गुरुजी नाराज, हो म्हटलं तर उद्या सगळेच कोनाले ना कोनाले घेऊन येतीन. मले पेचात टाकलं ना तुनं? दया पाह्यजे असन तर आठ दिवस सुट्टी देतो, घे अन् जाय. कामाचं बोलाचं असन तर स्वतः येऊन बोल."

घरी त्याने हे सुप्रियाला सांगितले, तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बरोबरच बोलले ते. तुमी तुमचं दुःख पाठवलं. त्या दुःखाचं ते काय करतीन? त्याहीले डाळ पाठवाची आहे, बिलं पाह्यजेत. तुमी सकाळी घरून काय काम करून देसान, ते सांगा. अन् जमलं नाई तर काय, तेही तुमीच सांगा."

"अन् मायचं?"

"त्याची लाज काहून वाटते तुमाले? मी दिवसभर दुसऱ्याच्या माया धुते."

या वाक्याने त्याला धीर येण्याऐवजी अधिकच लाजल्यासारखे झाले. मात्र सांगितलेले त्याने मनाशी नीट लावून घेतले.

दोन दिवसांनी तो मोहनसिंगांसमोर बसला. प्रथम आवाज कापरा होता. कामाचे बोलू लागला तसा स्थिर झाला. "भाऊ, सकाळी मी इथं असतो तवा निम्मा वेळ खिडकीवर जाते. कोनी भाव विचारते, कोनी पावती. आदल्या संध्याकाळच्या काटापावत्या म्हनून दुपारपर्यंत काम्पुटरवर चढत नाईत, अन् घाईत चुका होतात. मी सकाळी घरून त्या पावत्या चढवतो. साधना फोटो पाठवन. मी दुपारी इथं येईन तवा कालचं सगळं चढलेलं अन् मालाशी जुळलेलं असन. दुपारून गाड्या भरतात, तवा रात्री फाटक बंद होयेपर्यंत मी हजर."

"अन् सकाळीच गाडी निघाली तर? बिलाबिगर गाडी फाटकाबाहेर जात नाई, मालूम आहे ना?"

"फोन करा. घरून बिल बनवून पाठवतो. इथं छापलं का झालं. फोन मी उचलीनच."

"बरं. अन् नाई जमलं तर?"

"तीन आठवडे पाहा. आता लगेच चालू करू. तुमाले पटलं नाई तर मी पह्यल्यासारखा सकाळी येतो. मंग कुरकुर करनार नाई."

मोहनसिंगांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि ते हसले. "लगेच! म्हंजे नवी तूर यायच्या आधीच तीन आठवडे खतम. रिकाम्या मिलमधी परीक्षा द्यायले निघाला का बे? असा पास तर कोनीही होईन."

गोपालने खाली पाहिले. त्याने हे मुद्दाम तसेच योजले होते, आणि ते इतक्या सहज पकडले जाईल असे त्याला वाटले नव्हते.

"पह्यली तूर काट्यावर चढली का तवापासून तीन आठवडे," मोहनसिंग म्हणाले. "तवरोक उरलेली सुट्टी पुरव. पावत्या दुपारच्या आत, चुका आतापेक्षा कमी, अन् गाडी तुझ्यापायी थांबली नाई पाह्यजे. मंग बोलू."

तूर आली. फाट्यापासून ट्रॅक्टरांची रांग लागली. गोपाल पहाटे उठून आईचे अंथरूण बदली, तिला चहा पाजी, मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर लॅपटॉप ठेवून पावत्या चढवी. काम खरोखरच नीट होऊ लागले. दुपारी तो मिलमध्ये पाय ठेवी तेव्हा मागचे काही शिल्लक नसे. हमालांनी चिडवून पाहिले. "या मुनीमजी, आंघोळ झाली का? तुमची नाई, मायची!" तो हसण्याचा प्रयत्न करी आणि आत जाई.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी, तो आईला मोरीत पाटावर बसवून पाणी घालत होता. तिच्या अंगावर साबण होता, आणि एका हाताने तिला धरल्यावाचून ती तोलावर राहत नसे. ओट्यावरचा फोन वाजू लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. नानीबाई अडखळत म्हणाल्या, "फो... फोन."

"वाजू दे, माय."

तिला पुसून, लुगडे गुंडाळून, पलंगावर निजवून त्याने फोन पाहिला. साधनाने अनेकदा केला होता. जालन्याची गाडी भरून फाटकापाशी उभी होती आणि चालक सर्वांना शिव्या घालत होता. गोपालने घाईने बिल करून पाठवले आणि मग साधनाला फोन लावला.

"दादा, कुठी होते? भाऊ विचारून राह्यले!"

त्याच्या तोंडून निघून गेले, "रेंज नव्हती ना साधना इकडं. सकाळपासून."

"अस्सं होय! सांगते मी त्याहीले."

तिने खरोखरच सांगितले. इतकेच नव्हे, दुपारी तो आला तेव्हा चालक शिव्या देतच गेल्याचे कोणी म्हणाले, तर साधना त्याच्या वतीने भांडली. "दादाची काय गलती? टॉवरच बंद असन तर मानूस काय झाडावर चढन?" गोपालने मान हलवली. त्या मान हलवण्याची शरम त्याला पुढे कितीतरी दिवस पुरली.

मुदत संपली. मोहनसिंगांनी त्याला बोलावले. त्यांच्यासमोर पावत्यांची चळत होती. "पाह्यलं मी. काम चोख आहे. चुका जवळजवळ नाईतच. ते एक जालन्याच्या गाडीचं झालं. पन साधना म्हने रेंज नव्हती. ते काही तुझ्या हाती नाई. चालू ठेव."

एवढे ऐकून उठायचे होते. तो उठलाही. दारापाशी मात्र त्याचे पाय थांबले.

"भाऊ, रेंज होती."

"काय?"

"फोन वाजला. मी ऐकला. माय पाटावर होती, अंगाले साबन होता. सोडली असती तर पडली असती. म्हनून उचलला नाई."

मोहनसिंगांनी चष्मा काढला. "मंग तसं सांगाचं. खोटं काहून बोलला?"

"साधनाले कसं सांगू, मी मायले आंघोळ घालत होतो म्हनून?"

"गुरुजीनं तर साऱ्या गावाले सांगून टाकलं, तू अजून लपवूनच राह्यला!" ते काही वेळ पावत्यांच्या कडा सारख्या करीत राहिले. मग त्यांचा स्वर कोरडा झाला. "आईपायी फोन नाई उचलला, त्याचा राग नाई मले. पन 'उचलीनच' म्हनला होता तू. आंघोळीच्या टायमाले नाई उचलता येत, हे तुले तवाही मालूम होतं. ते मांडलं असतं तर मी काही इंतजाम केला असता. गाडीवाल्यानं माझ्या तोंडावर शिव्या देल्या, त्या फुकट खाल्ल्या म्या."

"चुकलं, भाऊ. उद्यापासून सकाळी येतो."

"अन् मायले कुठी ठेवशीन? बस खाली."

तो बसला.

"ही चाचणी मी धरत नाई. आता नवी, होळीपर्यंत. आंघोळीचा टाइम कोनता, तो सांगून ठेव. त्या वेळात तुले कोनी फोन करनार नाई. त्या वेळात गाडी लागली तर बिल साधना बनवन. तिले तू शिकवाचं, याच आठवड्यात. होळीले पुन्हा पाहू. मी हो म्हटलं असं समजू नको."

"हो, भाऊ."

"अन् ती तुझ्यासाठी भांडली. तिले तूच सांग. मी नाई सांगत."

गोपाल काट्याच्या केबिनमध्ये गेला. बाहेर ट्रॅक्टर चढत होता. साधना काचेतून आकडा पाहून पावती लिहीत होती. पावती फाडून देईपर्यंत तो उभा राहिला. मग त्याने सर्व सांगितले, साबणासकट, कोणताही शब्द न गाळता. खिडकीबाहेर दोन हमाल उभे होते. त्यांनाही ते ऐकू गेले असावे.

साधनाने पावतीपुस्तक बाजूला सारले. "म्या साऱ्याईसमोर तोंड वाजवलं तुमच्यासाठी," ती म्हणाली. "मूर्ख बनवलं तुमी मले."

"हो."

"आईची आंघोळ सांगाले लाज, अन् मले खोटं सांगाले नाई?"

पुढचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. साधनाने नवी पावती पुढे ओढली आणि बाजूची खुर्ची पायाने त्याच्याकडे सरकवली.

"बसा. बिल कसं बनवाचं ते दाखवा. अन् हळू सांगा, एकदा सांगून नाई समजत मले."